मंजूर बजेटची शीट लॉक असूनही बेरीज बदलते: कारण कसं शोधायचं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं

बजेटचा मसुदा गूगल शीट्सवर फिरतो. सगळे विभाग कॉमेंट टाकतात, टप्प्याटप्प्याने सह्या होतात, शेवटी ‘मंजूर’ नावाची प्रत काढून ती लॉक केली जाते. काही दिवसांनी कोणीतरी प्रत्यक्ष खर्चाशी ताळा घ्यायला ती प्रत उघडतं आणि एकूण बेरीज सहीच्या वेळच्या आकड्याशी जुळत नाही. मग ‘लॉक कोणी काढलं?’ यावरून चौकशी सुरू होते. लॉक कोणी काढलेलंच नसतं, त्यामुळे चौकशीतून काही हाती लागत नाही. सगळे एकमेकांकडे संशयाने बघतात आणि पुढच्या वर्षी हेच पुन्हा घडतं.

या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. लॉक माणसांना सेलमध्ये टाइप करण्यापासून अडवतं, फॉर्म्युल्याला पुन्हा गणित करण्यापासून अडवत नाही. Data > Protect sheets and ranges मधून टॅब संरक्षित केला, किंवा ड्राइव्हमधून अख्खी फाइल लॉक केली, तरी तिच्यातला फॉर्म्युला जिवंत राहतो. तो ज्या आकड्यांवर उभा आहे ते बदलले की उत्तरही बदलतं. म्हणून अशी तक्रार आली की ‘कोणी बदललं’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा आणि ‘हा आकडा कुठून येतो’ इथून सुरुवात करावी.

आधी फरक कुठे आहे ते शोधा

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. मंजुरीच्या दिवशी एकूण बजेट ८४,२०,००० होतं. आता तीच लॉक केलेली प्रत ८४,७०,४०० दाखवते आहे. फरक ५०,४०० चा.

सगळ्यात आधी, काहीही दुरुस्त करण्यापूर्वी, File > Version history > Name current version मध्ये जाऊन आत्ताच्या स्थितीला ‘ताळा लागत नाही, तपासणीसाठी’ असं नाव द्या. घाईघाईत आकडे जुन्यासारखे केले की चुकीची स्थिती कशी होती हे नंतर सांगता येत नाही, आणि तपास तिथेच अडतो.

मग एकूण बेरीज सोडा आणि हेडनिहाय उपबेरजा बघा. सहीच्या वेळची पीडीएफ, छापील प्रत किंवा ईमेलमधला तक्ता काहीतरी असतंच, तो शेजारी ठेवून एकेक हेड ताडून पाहा. आपल्या उदाहरणात दोनच हेड हललेले दिसतात. प्रशिक्षण २,४०,००० वरून २,७६,००० झालंय, म्हणजे ३६,००० ने वाढलंय. सॉफ्टवेअर परवाने २,१६,००० वरून २,३०,४०० झालेत, म्हणजे १४,४०० ने वाढलेत. दोन्ही मिळून ५०,४००. फरक पूर्ण लागला, म्हणजे तिसरीकडे शोधायचं कारण उरलं नाही. हा हिशोब जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. एक वाढ आणि एक घट मिळून फरक लहान दिसत असेल, तर एकूण बेरजेकडे पाहून ते कधीच कळत नाही.

आता बदललेल्या सेलवर राइट क्लिक करून Show edit history बघण्याचा मोह होतो. जरूर बघा, पण त्याचा अर्थ नीट लावा. त्या इतिहासात माणसाने त्या सेलमध्ये केलेला बदल दिसतो. फॉर्म्युल्याने नवं उत्तर काढल्यामुळे झालेला बदल तिथे येत नाही. रो घातल्या-काढल्याचे बदलही तिथे दिसत नाहीत. म्हणजे आकडा बदललाय आणि इतिहास मात्र कोरा आहे, असं दिसलं तर ते कोणाची चलाखी लपल्याचं लक्षण नाही. आकडा दुसरीकडून येतोय एवढंच त्यातून कळतं. पुष्कळ चौकश्या नेमक्या इथे चुकीच्या वळणावर जातात.

कंट्रोलबरोबर बॅकटिक, म्हणजे `Ctrl` आणि `` ` ``, दाबलं की सगळ्या सेलमध्ये उत्तरांऐवजी फॉर्म्युले दिसतात. View > Show > Formulas मधूनही हेच होतं. आपल्या दोन सेलमध्ये असं काही दिसेल:

```
=SUM(IMPORTRANGE("मूळ-शीटची-लिंक","प्रशिक्षण!F2:F30"))
='गृहीतके'!B7*40*12
```

दोन ओळी, दोन वेगळी कारणं. वरवर दोन्ही ‘लॉक असूनही बदललं’ अशीच दिसतात, पण त्यांचा शोध आणि इलाज वेगळा आहे.

पहिलं कारण: आकडा दुसऱ्या फाइलमधून येतो

प्रशिक्षण विभागाने आपला तपशील स्वतःच्या शीटमध्ये ठेवला होता. मसुदा बनवताना तो IMPORTRANGE ने ओढून घेतला. मसुदा बदलता असताना हे सोयीचं असतं, विभागाने आकडा सुधारला की मुख्य शीटमध्ये तो आपोआप येतो. मंजुरीनंतर मात्र हीच सोय अंगलट येते. विभाग पुढच्या नियोजनाला लागतो, त्याच शीटमध्ये २० बॅचच्या जागी २३ बॅच टाकतो, प्रत्येक बॅचचे १२,००० धरून ३६,००० वाढतात आणि ते गुपचूप ‘मंजूर’ प्रतीत जाऊन बसतात. विभागाने काहीच गैर केलेलं नाही. ती त्यांची कामाची शीट आहे आणि तिच्यात त्यांना बदल करता यायलाच हवेत.

अशा वेळी मंजूर प्रतीच्या व्हर्जन हिस्टरीत जाऊन मंजुरीच्या दिवसाचं व्हर्जन Restore करावं असं वाटतं. त्याने काम होत नाही. Restore केल्यावर त्या दिवशी सेलमध्ये जे होतं ते परत येतं, आणि सेलमध्ये त्या दिवशीही फॉर्म्युलाच होता. फॉर्म्युला परत आला की तो आजच्या मूळ शीटमधून आजचाच आकडा आणतो. मंजुरीच्या दिवशीचे २,४०,००० हवे असतील तर प्रशिक्षण विभागाच्या मूळ शीटची व्हर्जन हिस्टरी उघडून त्या तारखेचं व्हर्जन बघावं लागेल. तिथे बॅचची संख्या सेलमध्ये हाताने टाइप केलेली आहे, त्यामुळे ती खात्रीने सापडते. विभागाकडून बघण्यापुरता अधिकार मिळून भागणार नाही, व्हर्जन हिस्टरी बघायला एडिटर लागतो. नाहीतर विभागातल्याच कोणालातरी उघडून दाखवायला सांगा.

अशा लिंका आणखी कुठे आहेत हे बघायला Edit > Find and replace उघडा, शोध सगळ्या शीट्समध्ये ठेवा आणि Also search within formulas वर टिक करून `IMPORTRANGE` शोधा. त्याच फेरीत `TODAY`, `NOW` आणि `GOOGLEFINANCE` ही शोधून घ्या. ‘आजपासून वर्षअखेरपर्यंतचे महिने’ असं गणित `TODAY()` वर बांधलेलं असेल तर बजेट रोज थोडंथोडं आकसत जातं. हा दोष फार उशिरा लक्षात येतो, कारण बदल दर वेळी लहान असतो.

दुसरं कारण: आकडा याच फाइलच्या न लॉक केलेल्या टॅबमध्ये आहे

परवान्यांचा फॉर्म्युला ‘गृहीतके’ टॅबमधला दर घेतो. ४० माणसं, १२ महिने आणि महिन्याचा दर ४५०, म्हणजे २,१६,०००. ‘सारांश’ आणि ‘तपशील’ हे टॅब लॉक केले होते, ‘गृहीतके’ तसाच राहिला, कारण त्यात ‘फक्त दर’ आहेत असं सगळ्यांना वाटलं. नवीन दर कळल्यावर कोणीतरी B7 मध्ये ४८० टाकले. महिन्याला ३० चा फरक, गुणिले ४०, गुणिले १२, म्हणजे १४,४००.

इथे Show edit history कामाला येते, पण ती बघायची B7 वर. बेरजेच्या सेलवर काही दिसणार नाही. B7 वर नाव आणि वेळ दोन्ही मिळतात.

पुढचा प्रश्न असा पडतो की मंजूर प्रतीत त्या व्यक्तीकडे बदलाचा अधिकार होताच का? उत्तर बहुधा प्रत काढण्याच्या क्षणात असतं. File > Make a copy ची चौकट उघडते तेव्हा तिच्यात मूळ फाइल ज्यांच्याबरोबर शेअर आहे त्यांच्याशीच प्रतही शेअर करण्याचा पर्याय येतो. सोयीचा म्हणून त्यावर टिक केली जाते आणि मसुद्यातले सगळे एडिटर मंजूर प्रतीतही एडिटर होतात. नंतर टॅब लॉक केले तरी जे टॅब राहून गेले ते त्यांच्यासाठी उघडेच. शिवाय एडिटरला नवा टॅबही घालता येतो.

आणखी एक जागा तपासा. टॅबला संरक्षण देताना दोन पर्याय असतात. Restrict who can edit this range खरोखर अडवतो. Show a warning when editing this range फक्त सूचना दाखवतो, OK म्हटलं की बदल होतो. दोन्ही वेळा टॅबवर संरक्षणाची खूण दिसत असल्यामुळे ‘लॉक आहे’ असाच समज होतो. उजवीकडची संरक्षणांची यादी उघडून प्रत्येक नोंदीवर क्लिक करा आणि नेमका कोणता पर्याय आहे ते डोळ्यांनी बघा.

आत्ता काय करायचं

कारण सापडलं की त्याच फाइलमध्ये ४८० चे ४५० करून मोकळं व्हायचं नाही. तसं केलं तर मंजूर प्रत मंजुरीनंतर दोनदा बदलली जाते आणि दुसऱ्या बदलाला कोणाचीही सही नसते. त्याऐवजी नवीन गोठवलेली प्रत काढा. ती कशी काढायची हे पुढे दिलंय. दोन्ही हेड मंजुरीच्या दिवसाच्या आकड्यांवर आणा, एकूण ८४,२०,००० शी तंतोतंत जुळते का बघा आणि ज्यांच्या सह्या आहेत त्यांना हेडनिहाय तक्ता पाठवून ‘हेच आकडे मंजूर केले होते’ असं लेखी मागा. जुनी फाइल पुसू नका. तिच्या नावापुढे ‘वापरू नये’ लावा आणि सगळ्यांना Viewer करा. तिच्यावर आधारलेल्या लिंका इतर शीट्समध्ये असतील, फाइल काढून टाकली तर तिथे `#REF!` येईल आणि तुमचं काम दुप्पट होईल.

इतकं केलं की या वेळचा प्रश्न मिटतो. पुढच्या वेळी तो येऊ नये यासाठी मात्र मागे जाऊन कॉमेंट आणि सह्यांच्या टप्प्यांकडे बघावं लागतं. गोठवण्याच्या वेळी जो गोंधळ होतो त्याची तयारी तिथे झालेली असते.

कॉमेंट मिटवली म्हणजे बदल झाला असं नाही

परीक्षणात सगळ्यात जास्त चुका Resolve या एका बटणाभोवती होतात. काहींसाठी त्याचा अर्थ ‘मी वाचलं’, काहींसाठी ‘मी उत्तर दिलं’ आणि काहींसाठी ‘आकडा बदलला’. कॉमेंट मिटवली की ती सेलवरून नाहीशी होते, त्यामुळे पुढच्या टप्प्यावरच्या माणसाला सेल स्वच्छ दिसतो. शंका विचारली होती आणि ती अनुत्तरित राहिली, हे त्याला कळायचा मार्गच उरत नाही. सगळ्या कॉमेंटची यादी उघडून मिटवलेल्या चर्चा बघता येतात, पण सही करताना तेवढं कोणी करत नाही.

यावर मला पटलेली रीत साधी आहे. ज्याने शंका काढली त्यानेच ती मिटवायची. उत्तर देणाऱ्याने Resolve ला हात लावायचा नाही. आणि उत्तरात तीन गोष्टी यायलाच हव्यात: आधीचा आकडा, आताचा आकडा आणि कारण. ‘केलं’ किंवा ‘बघितलं’ हे उत्तर नव्हे. ‘२,५२,००० होते, २,४०,००० केले, एक बॅच दोनदा धरली गेली होती’ असं लिहिलेलं असलं की शंका काढणारा सेलवर नजर टाकून क्षणात खात्री करतो. सहा महिन्यांनी तपास करायची वेळ आली तर हीच ओळ कामाला येते.

कॉमेंटमध्ये `@` लावून माणसाचा पत्ता टाकला की ती त्याच्याकडे सोपवण्याचा पर्याय येतो. तो वापरा. नुसत्या सेलवर टाकलेली कॉमेंट सगळ्यांची असते आणि म्हणून कोणाचीच नसते.

परीक्षण चालू असताना रो डिलीट करणं पूर्ण बंद ठेवावं हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. एखादा खर्च रद्द झाला तर रक्कम शून्य करा आणि शेजारी ‘रद्द’ लिहा. रो काढली की तिच्यावरची चर्चा निराधार होते, शिवाय कोणीतरी ‘ओळ ३४ बघा’ असं ईमेलमध्ये लिहिलेलं असतं ती ओळ आता दुसरीच असते. क्रम बदलून बघायचं असेल, फक्त आपल्या विभागाच्या ओळी बघायच्या असतील, तर साधा फिल्टर न लावता Data मधून Filter view तयार करा. साधा फिल्टर सगळ्यांच्या पडद्यावर लागतो, आणि बेरजा `SUBTOTAL` ने केलेल्या असतील तर फिल्टरने वगळलेल्या ओळी बेरजेतूनही जातात. एकाने आपल्या सोयीसाठी लावलेला फिल्टर आणि त्याच वेळी दुसऱ्याने केलेली सही, हे दोन्ही जुळून आले तर सही अपुऱ्या बेरजेवर होते.

सही आकड्यावर घ्या, चौकोनातल्या टिकेवर नाही

सह्यांसाठी बहुतेक ठिकाणी एक टॅब असतो: विभागप्रमुख, वित्त, अंतिम मंजुरी, आणि प्रत्येकासमोर चेकबॉक्स. हा चेकबॉक्स मला अजिबात पुरेसा वाटत नाही. एडिटर असलेला कोणीही तो टिक करू शकतो, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे टिक कोणत्या आकड्यावर केली हे त्यातून कळत नाही. विभागप्रमुखांनी सोमवारी टिक केली, मंगळवारी वित्त विभागाच्या शंकेवरून एक आकडा बदलला, बुधवारी वित्त विभागाने टिक केली. दोन टिका शेजारी-शेजारी दिसतात, पण त्या दोन वेगळ्या बजेटवरच्या आहेत.

म्हणून ‘सह्या’ टॅबमध्ये सही करणाऱ्याने आपण मंजूर करत असलेली रक्कम स्वतः हाताने टाइप करावी. कॉपी-पेस्ट नाही, फॉर्म्युला तर नाहीच. हेड जितके तितक्या ओळी आणि प्रत्येक टप्प्याला एक कॉलम. आठ-दहा हेड असतील तर एकाला हे करायला काही मिनिटं लागतात, आणि टाइप करताना माणूस आकडा खरोखर वाचतो. तारीख `Ctrl` आणि `;` दाबून टाका, ती स्थिर राहते. `TODAY()` टाकलीत तर सहीची तारीख रोज पुढे सरकेल.

प्रत्येक टप्प्याच्या कॉलमला वेगळं संरक्षण द्या, म्हणजे त्यात फक्त त्या व्यक्तीला लिहिता येईल. फाइलच्या मालकाला मात्र यातून वगळता येत नाही, हे ध्यानात ठेवा. मसुदा ज्याने बनवला तोच फाइलचा मालक असेल तर तो सगळ्यांच्या सहीच्या सेलमध्ये लिहू शकतो. संस्थेकडे Shared drive असेल तर फाइल तिथे ठेवा, तिथे फाइल एका व्यक्तीच्या मालकीची नसते. निदान मालकी मसुदा न लिहिणाऱ्या कोणाकडे तरी असू द्या.

टाइप केलेल्या रकमेशेजारी एक फरकाचा कॉलम हवा:

```
=ROUND('सारांश'!D12-C4,2)
```

इथे D12 मध्ये प्रशिक्षणाची चालू रक्कम आहे आणि C4 मध्ये सही करणाऱ्याने टाइप केलेली. उत्तर शून्य आहे तोवर सही ताजी आहे. शून्य नसेल तर सहीनंतर आकडा हलला आहे. हा कॉलम शून्य नसताना लाल होईल अशी Conditional formatting लावा. `ROUND` यासाठी, की दशांशांच्या गणितात कधीकधी अतिसूक्ष्म शेष राहतो आणि सगळं जुळत असूनही सेल उगाच लाल दिसतो.

फरक हेडनिहाय का ठेवायचा, एकूण एकाच ओळीत का नाही? कारण रक्कम एका हेडमधून दुसऱ्यात सरकवली तर एकूण बेरीज जागची हलत नाही. प्रशिक्षणातून २०,००० काढून प्रवासात टाकले तर एकूण ८४,२०,००० च राहते आणि एका ओळीची तपासणी निर्धास्तपणे शून्य दाखवते.

एखादा हेड लाल झाला की पुन्हा सगळ्यांकडून सगळं मागायची गरज नाही. ज्या हेडची रक्कम हलली, त्या हेडच्या ओळीत आधी सही केलेल्या प्रत्येकाने नवी रक्कम टाइप करावी. बाकीच्या ओळी तशाच राहतात. असं केल्याने शेवटच्या आठवड्यातली ओढाताण बरीच कमी होते.

टप्पा बदलताना आणखी दोन गोष्टी लगेच उरकून घ्या. ज्यांचं लिहिण्याचं काम संपलं त्यांचा अधिकार Editor वरून Commenter करा. आणि त्या स्थितीला व्हर्जन हिस्टरीत नाव द्या, उदाहरणार्थ ‘टप्पा २, वित्त विभागाकडे’. शेअरिंगच्या सेटिंगमध्ये एडिटरना इतरांचे अधिकार बदलू देण्याचा जो पर्याय असतो तो बंद ठेवा, नाहीतर ज्याला Commenter केलं त्याला दुसरा एडिटर सहज परत आत घेतो.

प्रत गोठवायची कशी

सगळे फरक शून्यावर आले, उघड्या कॉमेंट उरल्या नाहीत, की गोठवायला घ्या. क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक पायरी पुढे-मागे झाली तर चूक कायमची गोठते.

मसुद्यातले सगळे फिल्टर काढा. फिल्टर लागलेला असताना कॉपी केलं तर फक्त दिसणाऱ्या ओळी कॉपी होतात आणि पेस्ट करताना आकडे भलत्याच ओळींवर बसतात. मग सगळ्यांना Commenter करून Make a copy करा. त्याच लोकांशी शेअर करण्याचा पर्याय रिकामा ठेवा. कॉमेंटही प्रतीत नेऊ नयेत असं माझं मत आहे. चर्चा मसुद्यात राहू द्या, मंजूर प्रतीत फक्त निकाल असावा.

नवी प्रत उघडल्यावर दुसऱ्या फाइलशी जोडलेल्या सेलमध्ये `#REF!` दिसू शकतं, कारण ही नवी फाइल आहे आणि तिला मूळ शीट वाचायची परवानगी द्यावी लागते. त्या सेलवर जाऊन Allow access करा आणि आकडे येईपर्यंत थांबा. ही पायरी गाळून पुढे गेलात तर आकड्यांच्या जागी `#REF!` च कायमचं बसेल. आकडे आले की प्रत्येक टॅबवर `Ctrl` आणि `A`, मग `Ctrl` आणि `C`, मग त्याच जागी `Ctrl`, `Shift` आणि `V`. याने फॉर्म्युले जाऊन फक्त उत्तरं उरतात. लपवलेले टॅबही उघडून त्यांच्यावर हेच करा. ‘गृहीतके’सारखे टॅब बहुधा लपवलेलेच असतात.

नंतर पुन्हा `Ctrl` आणि `` ` `` दाबून पाहा. कुठेही `=` ने सुरू होणारं काही दिसलं तर तो सेल राहून गेला आहे. डोळ्यांवर भरवसा नसेल तर अख्ख्या टॅबवर Conditional formatting मध्ये Custom formula म्हणून हे टाका:

```
=ISFORMULA(A1)
```

रंग कुठेच उमटला नाही म्हणजे टॅब पूर्ण गोठला. नियम मग काढून टाका.

आता प्रतीतली प्रत्येक उपबेरीज सहीच्या टॅबमध्ये टाइप केलेल्या रकमेशी ताडून पाहा. हे लॉक करण्यापूर्वी. मसुदा बंद केल्यापासून पेस्ट होईपर्यंतच्या वेळात एखाद्या विभागाच्या मूळ शीटमध्ये बदल झाला असेल तर तो इथेच पकडला जातो. आपल्या उदाहरणात हा ताळा प्रशिक्षणासाठी २,४०,००० आणि परवान्यांसाठी २,१६,००० असा लागायला हवा. लागला नाही तर प्रत फेकून द्या आणि पुन्हा काढा, तिच्यातच आकडा दुरुस्त करू नका.

जुळलं की सगळे टॅब Restrict who can edit ने संरक्षित करा, सगळ्यांना Viewer ठेवा आणि ड्राइव्हमध्ये फाइलवर राइट क्लिक करून File information मधून Lock करा. लॉक असलेल्या फाइलवर कॉमेंटही टाकता येत नाही, तेव्हा मंजुरीनंतरच्या शंकांसाठी दुसरी जागा आधीच सांगून ठेवा. काही वर्कस्पेस खात्यांमध्ये File > Approvals असतं. त्यातून मंजुरी मागता येते, कोणी केव्हा मंजूर केलं याची नोंद राहते आणि फाइल लॉकही करता येते. उपलब्ध असेल तर जरूर वापरा, पण गोठवलेल्या प्रतीवर. फॉर्म्युले असलेल्या मसुद्यावर Approvals घेतलंत तर नोंद पक्की होईल आणि आकडे मात्र हलते राहतील.

शेवटी File > Download मधून पीडीएफ काढा आणि ती सही करणाऱ्यांना ईमेलने पाठवा. प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये तारखेसह असलेली ही पीडीएफ पुढे वाद झाला तर सगळ्यात भक्कम पुरावा ठरते, कारण ती तुमच्या ड्राइव्हमधल्या कोणत्याही अधिकारावर अवलंबून नसते.

याने काय होत नाही

ड्राइव्हचं लॉक ज्याच्याकडे एडिटरचा अधिकार आहे तो काढू शकतो. म्हणजे लॉक चुकून होणारे बदल थांबवतं, ठरवून केलेले नाही. त्यासाठी एडिटरच कमी ठेवणं हा खरा उपाय आहे, एक किंवा दोन पुरेत. शीटचं संरक्षण गोपनीयताही देत नाही. संरक्षित टॅब बघणारा माणूस तो कॉपी करू शकतो, छापू शकतो. कोणाला तरी पगाराचे आकडे दिसू नयेत असं असेल तर टॅब लपवून भागणार नाही, ती वेगळी फाइलच हवी.

गोठवलेल्या प्रतीत फॉर्म्युले नसल्यामुळे ‘हा आकडा आला कसा’ हे तिच्यातून कळत नाही, अशी तक्रार येते आणि ती रास्त आहे. त्यासाठी मसुद्यात मंजुरीच्या क्षणाला ‘मंजूर, मूळ फॉर्म्युल्यांसह’ असं नाव दिलेलं व्हर्जन ठेवा आणि गोठवलेल्या प्रतीच्या पहिल्या टॅबवर मसुद्याची लिंक व त्या व्हर्जनचं नाव लिहून ठेवा. दर आणि गृहीतकं तर गोठवलेल्या प्रतीतही आकडे म्हणून दिसतातच.

वर्षाच्या मध्यात बजेट खरोखर बदलावं लागलं तर मंजूर प्रतीचं लॉक काढू नका. मसुद्याची नवी प्रत काढा, तिच्यावर पुन्हा कॉमेंट आणि सह्या घ्या आणि ‘मंजूर, सुधारित १’ नावाने वेगळी गोठवा. त्या फाइलच्या पहिल्या टॅबवर मूळ रक्कम, सुधारित रक्कम आणि फरक हेडनिहाय लिहा. प्रशिक्षण विभागाच्या त्या तीन जादा बॅच मान्य झाल्या तर त्या इथे, २,४०,००० च्या शेजारी २,७६,००० अशा, सहीसह येतील.